झाकलेल्या ओळींसकट सारांश

माहिती अधिकारात मागितलेली नस्ती हातात येते आणि तिच्या निम्म्या पानांवर काळ्या पट्ट्या असतात. न्यायालयात दाखल झालेलं प्रतिज्ञापत्र, चौकशी समितीचा अहवाल किंवा परदेशी सरकारने पन्नास वर्षांनी खुला केलेला दस्तऐवज यांचीही हीच गत असते. अशा कागदाचा सारांश लिहायला बसलं की पट्टीखाली काय असेल याचा विचार डोक्यात आपोआप सुरू होतो. तो कुणाला थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नाही. तो विचार सारांशाच्या वाक्यात शिरू नये एवढीच काळजी घ्यायची असते, कारण तो शिरताना अंदाज म्हणून शिरत नाही. एखादं विशेषण, एखादा आकडा किंवा क्रियापदाचं नुसतं रूप यांच्या आडून तो आत येतो आणि लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

हे कसं घडतं ते पाहायला एक छोटा आणि प्रसिद्ध कागद घेऊ. ६ ऑगस्ट २००१ रोजी सीआयएने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या रोजच्या टिपणात एक नोंद होती. बिन लादेन अमेरिकेत हल्ला करण्याच्या निर्धाराने उभा आहे, असं तिचं शीर्षक. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचं काम चालू असताना, १० एप्रिल २००४ रोजी, व्हाइट हाउसने ही नोंद खुली केली. जेमतेम दीड पानाचा मजकूर. त्याच्या ओघात तीन ठिकाणी काळं फासलेलं आहे आणि तिन्ही ठिकाणी ते ‘सर्व्हिस’ या शब्दाच्या आधी आहे. पहिल्या जागी म्हटलंय की १९९८ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानातल्या तळावर क्षेपणास्त्रं डागल्यावर बिन लादेनने आपल्याला वॉशिंग्टनमध्ये बदला घ्यायचा असल्याचं अनुयायांना सांगितलं, ‘एका █████ सर्व्हिसच्या माहितीनुसार’. दुसऱ्या जागी इजिप्शियन इस्लामिक जिहाद या संघटनेच्या एका हस्तकाने त्याच सुमारास ‘एका █████ सर्व्हिसला’ सांगितलं की आपल्याला अमेरिकेत जाता येतं याचा फायदा घेऊन तिथे हल्ला घडवण्याचा बिन लादेनचा बेत आहे. तिसऱ्या जागी १९९८ मध्ये ‘एका █████ सर्व्हिसने’ दिलेली माहिती येते: अमेरिकेच्या कैदेतल्या ‘अंध शेख’ उमर अब्दुल रहमान आणि इतरांच्या सुटकेसाठी बिन लादेनला अमेरिकी विमानाचं अपहरण करायचं होतं.

सारांशाला हात घालण्याआधी झाकलेल्या जागांची यादी करायची. कागद वाचता वाचता पेन्सिलीने प्रत्येक पट्टीला क्रमांक द्यायचा आणि वेगळ्या पानावर चार गोष्टी मांडायच्या: ती कुठे आहे (पान, परिच्छेद), केवढी आहे (एक-दोन शब्द, ओळ की अख्खं पान), वाक्यात ती कोणाच्या जागी बसली आहे (नाव, विशेषण, रक्कम, तारीख की पूर्ण निष्कर्ष) आणि झाकणाऱ्याने काय कारण दिलं आहे. सीआयएच्या टिपणाची यादी तीन ओळींत संपते. तिन्ही जागा एक-दोन शब्दांच्या, तिन्ही ‘सर्व्हिस’च्या विशेषणाच्या. कारणही माहीत आहे, कारण टिपणासोबतच्या खुलाशात व्हाइट हाउसने म्हटलं होतं की सीआयएला माहिती पुरवणाऱ्या परदेशी सरकारांची नावं जपण्यासाठी हा मजकूर झाकला आहे.

ही यादी करताना पट्टी ही खरोखरच पट्टी आहे ना, हेही तपासून घ्यावं. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर शाईचा डाग पडतो, शिक्क्याखाली ओळ दबते, हस्ताक्षर लागत नाही. हे सगळं ‘वाचता न येणारं’ आहे. कुणी मुद्दाम झाकलेलं नाही. उलट काही कार्यालयं काळं न फासता नुसती पांढरी जागा सोडतात किंवा पानच काढून घेतात. तेव्हा पानांचे क्रमांक सलग आहेत का ते पाहिल्याशिवाय ‘एवढ्याच जागा झाकल्या आहेत’ असं लिहू नये.

आता एक सारांश पाहा. असे सारांश मी अनेकदा वाचले आहेत आणि दिसायला ते अगदी निर्दोष असतात:

‘तीन परदेशी गुप्तचर संस्थांनी बिन लादेनच्या हल्ल्याच्या तयारीबद्दल अमेरिकेला सावध केलं होतं. एका अज्ञात संस्थेने तर विमान अपहरणाचा इशाराही दिला होता.’

यात पट्टीखालचं एकही नाव ‘ओळखलेलं’ नाही, तरी या दोन ओळींत झाकलेल्या जागा भरलेल्या आहेत. ‘तीन’ हा आकडा आला कुठून? झाकलेल्या जागा तीन आहेत. सेवा तीन आहेत असं मजकुरात कुठेच नाही. तिन्ही पट्ट्यांखाली एकच नाव असू शकतं, किंवा दोन. इंग्रजी मूळ पाहिलं तर दुसऱ्या जागी पट्टीच्या आधी ‘ॲन’ आहे आणि पहिल्या-तिसऱ्या जागी ‘अ’ आहे, म्हणजे दुसऱ्या पट्टीतला पहिला शब्द स्वराने सुरू होतो आणि इतर दोन्हींतला होत नाही. म्हणून निदान दोन वेगळ्या सेवा, असं कुणी म्हणेल. पण पट्टीत देशाच्या नावाआधी आणखी एखादं विशेषण असलं तर हा तर्कही कोसळतो. आकडा लिहायचाच तर पट्ट्यांचा लिहावा.

‘परदेशी’ हा शब्दही पट्टीतून काढलेला आहे. इथे तो बरोबर आहे, कारण व्हाइट हाउसच्या खुलाशात परदेशी सरकारांची नावं झाकल्याचं म्हटलं आहे. पण मग तो त्या खुलाशाच्या नावावर जायला हवा, टिपणाच्या नावावर नव्हे. ‘गुप्तचर’ची गोष्ट वेगळी. ‘सर्व्हिस’ हा उघडा शब्द आहे आणि या व्यवसायात त्याचा अर्थ गुप्तचर सेवा असाच होतो. उघड्या शब्दाचा अर्थ वाचकाला उलगडून सांगणं हे सारांश लिहिणाऱ्याचं कामच आहे. झाकलेल्या शब्दाच्या जागी स्वतःचा शब्द बसवण्याशी त्याचा संबंध नाही.

‘अज्ञात’ हा सगळ्यात सर्रास होणारा घोटाळा. ती सेवा टिपण लिहिणाऱ्याला चांगली ठाऊक होती, त्याने तिचं नाव लिहिलंही होतं. झाकलं ते नंतर, दुसऱ्याच कुणीतरी. अज्ञात म्हटलं की माहितीच मुळात निनावी होती असा अर्थ होतो आणि तिची विश्वासार्हता उगाच घसरते. ‘नाव झाकलेली’ किंवा ‘ओळख झाकलेली’ हे शब्द दिसायला ओबडधोबड असले तरी अर्थाला चोख आहेत. ‘अनामिक’, ‘निनावी’, ‘गूढ’ या शब्दांनाही हाच न्याय लावावा.

शेवटची चूक पट्टीपासून दूर आहे, पण तिच्यामुळेच झालेली. विमान अपहरणाबद्दलची माहिती आपल्याला पडताळता आलेली नाही असं टिपणच सांगतं, आणि अपहरणाचा हेतू कैद्यांची सुटका हा होता. सारांशात ‘इशारा’ हा शब्द आला आणि या दोन्ही गोष्टी गळाल्या. ११ सप्टेंबरला पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असल्यामुळे काळ्या जागेभोवतीचा उघडा मजकूरही आपण त्याच दिशेने वाकवून वाचतो. पट्टी जवळ असली की शेजारच्या ओळी दुप्पट काळजीने वाचाव्या लागतात.

याच टिपणाचा सारांश मी असा लिहीन:

‘६ ऑगस्ट २००१ च्या या टिपणात (१० एप्रिल २००४ रोजी खुली केलेली प्रत, तीन ठिकाणी मजकूर झाकलेला) सीआयए सांगते की बिन लादेनला १९९७ पासून अमेरिकेत हल्ले करायचे होते. १९९८ मधल्या क्षेपणास्त्र हल्ल्यांनंतर त्याने वॉशिंग्टनमध्ये बदला घेण्याची इच्छा अनुयायांपाशी बोलून दाखवली, अशी माहिती एका गुप्तचर सेवेच्या हवाल्याने दिली आहे. सेवेची ओळख झाकलेली आहे. त्याच सुमारास इजिप्शियन इस्लामिक जिहादच्या एका हस्तकाने, अमेरिकेत जाण्याची आपली सोय वापरून तिथे हल्ला करण्याचा बिन लादेनचा बेत असल्याचं एका सेवेला (ओळख झाकलेली) सांगितलं. कैद्यांच्या सुटकेसाठी अमेरिकी विमानाचं अपहरण करण्याचा त्याचा इरादा असल्याची माहिती १९९८ मध्ये एका सेवेने (ओळख झाकलेली) दिली होती. ती पडताळता आलेली नाही असं टिपण म्हणतं. मात्र त्यानंतरच्या काळात अपहरण किंवा अन्य हल्ल्यांच्या तयारीशी जुळणाऱ्या संशयास्पद हालचाली एफबीआयला दिसल्या आणि बिन लादेनशी संबंधित सुमारे ७० तपास सुरू होते. माहिती देणारी सेवा तिन्ही ठिकाणी एकच आहे की वेगवेगळ्या, हे खुल्या मजकुरातून ठरत नाही.’

टिपणातले इतर तपशील मी सोडले आहेत; प्रत्येक सारांशात काही ना काही सुटतंच. पण जे सुटलं ते मी वगळलं म्हणून आणि जे झाकलेलं ते सरकारने झाकलं म्हणून, हा फरक वाचकाला दिसायला हवा. शेवटचं वाक्य काहींना जादा वाटेल. मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं. एकाच ठिकाणाहून आलेल्या तीन बातम्या आणि तीन ठिकाणांहून आलेली एकच बातमी यांचं वजन सारखं नसतं, आणि हे वजन करण्याचं साधन इथे आपल्याकडे नाही.

असं वाक्य बरोबर उतरलं की नाही हे तपासायची माझी रीत सोपी आहे. पट्टीच्या जागी मनातल्या मनात दोन परस्परविरोधी गोष्टी आळीपाळीने बसवायच्या. एकदा तिन्ही जागी एकच देश, एकदा तीन वेगळे देश. आपलं वाक्य दोन्ही वेळा खरं ठरत असेल तर राहू द्यायचं. एकदा खरं आणि एकदा खोटं ठरत असेल तर त्यात अंदाज शिरला आहे. ‘तीन संस्थांनी सावध केलं’ हे वाक्य या चाचणीत पहिल्याच फेरीत पडतं.

नकारार्थी वाक्यं इथे हमखास पकडली जातात. ‘अहवालात कंत्राटदाराचा उल्लेख नाही’ हे वाक्य अखंड कागदाबद्दल खरं असू शकतं, पण दोन परिच्छेद काळे असलेल्या कागदाबद्दल ते कुणालाच म्हणता येत नाही. ‘उघड भागात कंत्राटदाराचा उल्लेख आढळत नाही’ इतकंच म्हणता येतं. ‘फक्त’, ‘एकमेव’, ‘पहिल्यांदा’, ‘कुठेही नाही’, ‘मौन बाळगलं’ हे शब्द सारांशात आले की थांबून पट्ट्यांची यादी पुन्हा पाहावी.

अंदाज बरोबर असेल तर काय, असा प्रश्न येतोच, आणि या टिपणाच्या बाबतीत तर तो खरोखर विचारला गेला. २००४ मध्येच डेव्हिड नकाश आणि क्लेअर व्हेलन या संशोधकांनी दुसऱ्या पट्टीवर काम केलं. स्कॅन केलेलं पान अर्ध्या अंशाने तिरकं होतं, ते त्यांनी सरळ केलं. अक्षरं एरियल वळणाची आहेत हे ठरवलं आणि पट्टीची रुंदी मोजून तेवढ्या जागेत बसणारे शब्द संगणकाकरवी शब्दकोशातून काढले. १,५३० शब्द निघाले. ‘ॲन’च्या पुढे चालणारे ३४६ उरले. मग अर्थ पाहून ते हाताने गाळले, आणि युगांडा, युक्रेन यांसारख्या पर्यायांना बाजूला सारत त्यांनी ‘इजिप्शियन’ हा शब्द निवडला. काम हुशारीचं आहे, यात शंका नाही. तरीही त्याची जागा सारांशात नाही. ‘टिपणात इजिप्तच्या गुप्तचर सेवेचा उल्लेख आहे’ असं लिहिलं तर दोन संशोधकांचं अनुमान आपण सीआयएच्या तोंडी घातलं असं होतं. सांगायचंच असेल तर सारांश संपल्यावर वेगळ्या परिच्छेदात, त्यांच्या नावाने आणि त्यांची पद्धत सांगून लिहावं. शेवटची निवड अर्थावरून, माणसांनी केली होती, हेही त्यात यायला हवं.

आपल्याकडच्या कागदांत असाच मोह आकड्यांच्या तक्त्यांत होतो. खर्चाच्या सहा ओळींपैकी एक झाकलेली असते आणि खालची बेरीज उघडी असते. वजाबाकी केली की झाकलेली रक्कम हातात! हा अंदाज नव्हे, गणित आहे, असं वाटतं. पण बेरजेत तक्त्याबाहेरची एखादी बाब धरलेली असू शकते, लाखात गोळाबेरीज केलेली असू शकते, मूळ बेरीजच चुकलेली असू शकते. म्हणून सारांशात ‘एका बाबीची रक्कम झाकलेली, एकूण खर्च अमुक’ एवढंच. वजाबाकी करायची तर ती ‘लेखकाची आकडेमोड’ म्हणून, आकड्यांसह, वेगळी. आणि ती रक्कम एखाद्या व्यक्तीचं वेतन किंवा वैद्यकीय खर्च असेल तर ती आकडेमोड छापावी का, याचाही विचार व्हावा.

इंग्रजी कागदाचा सारांश मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण आहे. इंग्रजीत ‘█████ म्हणाले’ आणि ‘█████ म्हणाल्या’ यांत फरक नाही. मराठीत वाक्य पुरं करायचं म्हणजे काळ्या पट्टीमागच्या माणसाला पुरुष किंवा बाई करावंच लागतं, आणि हात बहुतेक वेळा ‘म्हणाले’कडे जातो. एका अक्षराने आपण साक्षीदाराचं लिंग ठरवून टाकतो. वाट अवघड नाही. ‘एका साक्षीदाराने (नाव झाकलेलं) सांगितलं’, ‘या अधिकाऱ्यांनी कळवलं’, ‘संबंधित व्यक्तीचं म्हणणं असं की’, अशी रचना घेतली की क्रियापद माणसाच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. उलट मूळ कागद मराठी असेल आणि त्यात पट्टीपुढे ‘म्हणाल्या’ उघडं असेल, तर बाईने सांगितल्याचं कळतं. पण मोजक्याच लोकांच्या कार्यालयात तेवढ्यावरून माणूस ओळखू येत असेल, तर सारांशात ते उचलून पुढे आणण्याची गरज नसते.

पट्टी शब्दाची नसून परिच्छेदाची किंवा पानाची असते तेव्हा सारांशात तिचा आकार आणि शेजार सांगायचा. ‘निष्कर्षाच्या आधीचे सुमारे दोन परिच्छेद झाकलेले आहेत; त्यामुळे समिती या निष्कर्षाला कोणत्या पुराव्यावरून आली हे खुल्या प्रतीत दिसत नाही.’ इथे ‘महत्त्वाचा भाग दडवला’ असं लिहायला हात शिवशिवतो. पण भाग महत्त्वाचा होता हे तो वाचल्याशिवाय कळत नाही, आणि ‘दडवला’ म्हणजे झाकणाऱ्याच्या हेतूवरही अंदाज आला.

कारणाची चिठ्ठी असली तरी तीच सावधगिरी. एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या म्युलर अहवालात प्रत्येक पट्टीवर कारण छापलेलं होतं: ग्रँड ज्युरीपुढची माहिती, तपासाचं तंत्र, चालू प्रकरणाला बाधा किंवा खासगीपणा. ‘चालू प्रकरणाला बाधा’ यावरून एवढंच कळतं की झाकणाऱ्याच्या मते त्या मजकुराने एखाद्या प्रकरणाला बाधा आली असती. कोणतं प्रकरण आणि कोण दोषी हे त्यावरून कळत नाही. त्या अहवालातल्या काही पट्ट्या २०२० मध्ये, रॉजर स्टोन यांचा खटला आटोपल्यावर, काढल्या गेल्या. त्यामुळे सारांशाच्या माथ्यावर कोणत्या तारखेची प्रत वाचली ते लिहिलेलं असावं. नाहीतर नवी प्रत हाती असलेल्या वाचकाला तुमचा ‘झाकलेलं आहे’ हा उल्लेखच चुकीचा वाटेल.

माहिती अधिकाराच्या कागदाला हे कारण पत्रातून मिळायला हवं. २००५ च्या कायद्याचं कलम १० म्हणतं की सूट असलेला भाग वेगळा काढून उरलेला देता येतो. तसं केलं तर जन माहिती अधिकाऱ्याने अर्जदाराला नोटीस देऊन मागितलेल्या कागदाचा भागच दिला जातो आहे, त्याची कारणं काय, निर्णय कुणी घेतला (नाव आणि पदनाम) आणि त्या निर्णयाचा फेरविचार मागण्याचा हक्क कसा बजावायचा, हे कळवायचं असतं. सारांशाचा पहिला परिच्छेद या पत्रावरूनच लिहावा: ‘४१ पानांपैकी ९ पानांवर मजकूर झाकलेला; पत्रात कलम ८(१)(ञ) चा आधार दिला आहे.’ ते कलम वैयक्तिक माहितीचं आहे, म्हणून पट्टीखाली वैयक्तिकच माहिती आहे असं मात्र लिहू नये. तसा कार्यालयाचा दावा आहे, असं लिहावं. पत्रात कारणच नसेल तर ‘कारण दिलेलं नाही’ हीदेखील सारांशात जाण्याजोगी माहिती आहे.

एक तांत्रिक प्रसंगही कधीमधी येतो. पीडीएफमधली पट्टी नुसती वरून ठेवलेली असते आणि मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की खालची अक्षरं उमटतात. जानेवारी २०१९ मध्ये पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदाचं असंच झालं होतं. असं काही हाती लागलं तर तो अंदाज राहत नाही, पण तो खुला मजकूरही नसतो. सारांश खुल्या प्रतीचाच लिहावा आणि सापडलेलं छापायचं की नाही हा निर्णय संपादकावर, गरज पडल्यास वकिलावर सोपवावा. त्यात साक्षीदाराचं नाव किंवा पत्ता असेल तर तो दुसऱ्या कुणाकडे पाठवूही नये.

सुरुवातीला केलेली पट्ट्यांची यादी फेकून देऊ नका. सारांशाखाली ती जोडता येते, नवी प्रत आली की कोणती ओळ बदलायची ते तिच्यावरून लगेच कळतं, आणि माहिती अधिकाराच्या कागदात तर ती थेट पहिल्या अपिलाला लावता येते. अपील उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, आणि ‘बराच मजकूर झाकला आहे’ या तक्रारीपेक्षा ‘पान १७, परिच्छेद २, सुमारे चार ओळी, कारण दिलेलं नाही’ या नोंदीवर अपिलीय अधिकाऱ्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं.